वरचं दूध आणि पेज सुरू झाल्यापासून बाळाला शीला खडा होतोय

जागरण_चालू (मंगळवार, रात्री ११:४०)

मुलगी सहा महिने दहा दिवसांची आहे, वजन ७.१ किलो. पाच महिने पूर्ण होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध होतं. मी कामावर रुजू झाले त्याला पाच आठवडे झाले. तेव्हापासून दिवसरात्र मिळून पाच बाटल्या वरचं दूध आणि पहाटे एकदा अंगावर. सहा महिने पूर्ण झाले त्या दिवशी तांदळाची पेज सुरू केली. आता दोनदा पेज आणि संध्याकाळी कुस्करलेलं केळं, असं चाललंय.

वरच्या दुधाने शी घट्ट झाली होती, पण एक-दोन दिवसांनी व्हायची. पेज सुरू झाल्यापासून सगळं बिनसलंय. आज चौथ्या दिवशी झाली. आधी पंधरा मिनिटं कुंथत होती, तोंड लालबुंद, मग अशी किंकाळी फोडली की मी हातातलं टाकून धावले. डायपरमध्ये सात-आठ खडे, हरभऱ्याएवढे, कोरडे. डायपर हलवला तर चक्क घरंगळले. शेवटच्या खड्यावर बाहेरून लाल रेघ होती, दोऱ्याएवढी.

पोट अजून टम्म वाटतंय. सासूबाई म्हणतायत साबणाची कांडी करून लावू, मोकळं होईल. मी अर्ध्या तासाची मुदत मागून इथे लिहायला बसलेय. रात्रीच दवाखान्यात नेऊ का? कांडी लावू का? आणि दूध बदलू का?

निशिगंध (रात्री ११:५२)

अगं घाबरू नकोस! आमच्या बाळाला एकदा तर नऊ दिवस झाली नव्हती. डॉक्टर हसले आणि म्हणाले, आईचं दूध सगळं पचतं, उरतच नाही काही. दहाव्या दिवशी झाली ती मऊ, पिवळी, अगदी मानेपर्यंत. चार दिवस म्हणजे काहीच नाही.

खटपट्या (रात्री ११:५८)

फॉर्म्युलात लोह असतं, त्यामुळेच खडा होतो. सगळ्यांना माहीत आहे हे. कमी लोहाचं किंवा बिनलोहाचं दूध शोधा. आणि पाणी पाजा भरपूर, दिवसाला दोन-तीन वाट्या. आमच्याकडे तिसऱ्या महिन्यापासून पाजत होतो, पोट एकदम साफ.

रात्रपाळी (रात्री १२:१५)

बावीस वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. आत्ता ड्युटीवर आहे, मध्येच उठावं लागेल, त्यामुळे तुकड्यातुकड्याने लिहीन.

जागरण, आधी कांडी. लावू नका. साबणाने आतली नाजूक त्वचा भाजते, आणि तुमच्या मुलीला तिथे आधीच चीर पडलेली असणार. बाहेरून आलेली दोऱ्याएवढी लाल रेघ बहुतेक वेळा त्याच चिरेची असते. सासूबाईंना सांगा, जखमेवर साबण कोण लावेल?

आता रात्रीच न्यायचं की नाही, ते या प्रश्नांवर ठरेल. उलटी झाली का, आणि झाली असेल तर तिचा रंग हिरवा होता का? पोटावर हलका हात ठेवला तर ते मऊ दबतं की ढोलासारखं ताणलंय? ताप आहे का? दूध नेहमीसारखं पितेय का? शी झाल्यावर शांत झाली की अजून रडतेय? शूचे डायपर दिवसात किती? यातलं काही बिघडलेलं असेल तर सकाळची वाट पाहू नका.

जागरण_चालू (रात्री १२:२६)

उलटी नाही, ताप नाही. शी झाल्यावर दहा मिनिटांत हसायला लागली, आत्ता १२० मिली पिऊन झोपलीय. पोट झोपेत मऊ वाटतंय, डावीकडे खाली मात्र काहीतरी कडक हाताला लागतं. शूचे डायपर पूर्वी सात व्हायचे, हल्ली पाच. शू जरा जास्त पिवळी असते.

कांडी रद्द. सासूबाई नाराज आहेत, पण झोपल्या.

रात्रपाळी (रात्री १२:५०)

मग रात्री पळायची गरज दिसत नाही. उद्या-परवा दिवसा मात्र नक्की दाखवा. सहा महिन्यांचं बाळ, रक्ताची रेघ आणि चौथ्या दिवशी झालेले खडे, एवढं कारण पुरेसं आहे. डावीकडे खाली जे कडक लागतंय तो साठलेला मळ असण्याची शक्यता जास्त. पण ते बघायला हात डॉक्टरांचाच हवा.

निशिगंध, तुमचं खरं आहे, पण ते फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाचं. सहा आठवड्यांनंतर अशा बाळाला आठवडाभर शी झाली नाही आणि मग मऊ झाली, तर कुणी त्याला बद्धकोष्ठ म्हणत नाही. वरच्या दुधावर हा हिशेब लागू होत नाही. आणि मुख्य म्हणजे आम्ही दिवस मोजतच नाही, शी कशी आहे ते बघतो. रोज होणारी शीसुद्धा खड्यासारखी असेल तर ते बद्धकोष्ठच.

खटपट्यांना उत्तर सकाळी देते. दोन गोष्टी चुकल्यात आणि एक धोक्याची आहे.

निशिगंध (बुधवार, सकाळी ७:०५)

अच्छा, मी घाईत वाचलं, सॉरी. पण मग माझा दुसरा प्रश्न. धाकटा सात आठवड्यांचा आहे, अंगावर पितो. रोज वीस-वीस मिनिटं कण्हतो, कुंथतो, जांभळा होतो, रडतो, आणि मग होते ती पाण्यासारखी पिवळी. आई म्हणते याला कोठा जड आहे. कालपर्यंत आम्ही थर्मामीटरला तेल लावून मदत करत होतो. लगेच होते!

रात्रपाळी (सकाळी ७:४०)

ड्युटी संपली, आता निवांत.

निशिगंध, मऊ शी झाली म्हणजे तो खडा नाही. पोटाने ढकलताना खालचा स्नायू सैल सोडायचा असतो, हे त्याला अजून जमत नाही. तो वरून जोर लावतो आणि खालून दार बंद ठेवतो. रडल्याने पोटात दाब वाढतो, म्हणून रडतो. काही आठवड्यांत आपोआप जमतं. थर्मामीटर मात्र थांबवा. रोज बाहेरून कुणीतरी दार उघडून दिलं तर त्याला स्वतःचं शिकायला उशीर होतो, आणि आत इजा व्हायची भीती वेगळीच. कुंथताना त्याचे गुडघे पोटाशी दुमडून धरा, बास. वजन वाढतंय आणि दूध ओढतोय, तोवर ठीक.

खटपट्या, फॉर्म्युलातल्या लोहाने खडा होतो हा समज जुना आहे. तेवढ्या प्रमाणाने तो होत नाही, हे तपासलं गेलंय. लोह काढून टाकलं तर सहा महिन्यांनंतर बाळाचं रक्त कमी होऊ शकतं, तो तोटा मोठा. औषध म्हणून वेगळे दिलेले लोहाचे थेंब ही निराळी गोष्ट, त्यांनी काही बाळांना त्रास होतो आणि शीचा रंग काळपट-हिरवा होतो. जागरण, तुम्ही थेंब देता का? देत असाल तर स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना जरूर सांगा.

आता धोक्याची गोष्ट. तीन महिन्यांच्या बाळाला वाट्या-वाट्या पाणी पाजू नये. मूत्रपिंड लहान असतात, रक्तातलं मीठ पातळ होतं आणि बाळाला झटके येऊ शकतात. सहा महिन्यांच्या आत साधं पाणी डॉक्टरांनी सांगितलं तरच. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की दिवसभरात घोट घोट करून १२० मिलीपर्यंत देऊन बघा, हळूहळू थोडं वाढलं तरी चालतं. पण पाण्याने पोट भरून दूध कमी व्हायला नको.

खटपट्या (सकाळी ८:१०)

आमचं पोरगं आता चार वर्षांचं आहे, धडधाकट. सगळीच मुलं काय काचेची नसतात.

रात्रपाळी (सकाळी ८:१८)

मान्य, सगळ्यांना नाही होत. ज्यांना झालं त्यांना मी वॉर्डात पाहिलंय, म्हणून बोलते.

आजीचा_बटवा (सकाळी ९:३०)

मी तीन मुलं आणि दोन नातवंडं वाढवली. सांगते ते ऐक, बाई. केळं बंद कर, पिकलं नसेल तर ते बांधतंच. पेज एकाच वेळी दे. नासपती वाफवून, कुटून, गाळून दोन चमचे दे, बघ कशी मोकळी होते. पोटावर कोमट हाताने घड्याळाच्या दिशेने चोळ, आणि पाय सायकलसारखे फिरव. रात्री झोपताना कोमट पाण्यात बोटभर मध घालून चाटव, मधाने कोठा हलका होतो.

रात्रपाळी (सकाळी ९:५५)

आजी, नासपतीपर्यंत सगळं शंभर टक्के. मधाच्या वाक्याला मात्र माझा जोरदार विरोध आहे, रागावू नका.

वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा लावायचं नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही, बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजतात आणि विष तयार करतात. घरी उकळल्यानेही ते मरत नाहीत. आणि गंमत, खरं तर गंमत नाहीच, अशी की त्या आजाराचं पहिलं लक्षण बहुतेक वेळा बद्धकोष्ठच असतं. म्हणजे आपण ज्यासाठी मध देणार तेच वाढणार. मग पापण्या जड होतात, रडण्याचा आवाज बारीक होतो, दूध ओढता येत नाही, मान-हातपाय लुळे पडतात. पुढे श्वासाचेही स्नायू थकतात. असं बाळ मी एकदाच पाहिलं, वाचलं ते, पण कितीतरी दिवस मशीनवर होतं. कोठा धरलाय आणि बाळ ढिलं पडलंय, अशी जोडी दिसली की त्याच तासाला दवाखाना.

आजीचा_बटवा (सकाळी १०:२०)

आमच्या वेळी सगळ्यांना चाटवायचे, कुणाला काही झालं नाही. पण तू वॉर्डात पाहिलं आहेस म्हणतेस, तर मी वाद घालत नाही. मध काढून टाकते माझ्या यादीतून.

रात्रपाळी (सकाळी १०:३०)

जागरण, आता एक काम करा. उत्तर नको, कृती सांगा. तुमच्या घरी बाटली कोण, कशी बनवतं? आधी पाणी की आधी पावडर, स्कूप सपाट की वर डोंगर, कुठल्या डब्याचा स्कूप कुठल्या डब्यात. पाच बाटल्या असतील तर पाचही वेळा कोण.

जागरण_चालू (दुपारी १:१५)

हे विचारल्यावर पोटात गोळाच आला. दिवसा सासूबाई तीन करतात, आधी पाणी १५० पर्यंत, मग पाच सपाट स्कूप, सुरीने घासून. डब्यावर ३० मिलीला एक असंच लिहिलंय. रात्रीच्या दोन नवरा करतो. मी त्याला आत्ता फोन करून विचारलं. तो म्हणाला, 'बाटलीत पाच स्कूप टाकतो आणि १५० च्या रेघेपर्यंत पाणी भरतो, त्यात काय?' स्कूप सपाट करतोस का? 'रात्री दोन वाजता कोण सुरी शोधतं? वर जरा डोंगर असतो. तिचं पोट भरतं म्हणजे आपल्याला झोप मिळते.'

चष्मेबहाद्दर (दुपारी २:४०)

मला राहवलं नाही. घरी भावाच्या बाळाचा डबा आहे, तसाच, ३० मिलीला एक स्कूप. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. सपाट स्कूप भरला ४.४ ग्रॅम. डोंगरवाला, मी उगाच जास्त न करता दोनदा भरला, ५.५ आणि ५.७.

पाच सपाट म्हणजे २२ ग्रॅम, १५० मिली पाण्यात. दूध तयार झाल्यावर बाटलीत १६५ च्या आसपास भरलं, कारण पावडरही जागा घेते. जागरणच्या नवऱ्याच्या पद्धतीत २८ ग्रॅम पावडर, आणि वरून १५० पर्यंत पाणी, म्हणजे प्रत्यक्ष पाणी गेलं फक्त १३० मिलीच्या आसपास. दर मिलीला पावडर किती हा हिशेब केला तर रात्रीची बाटली जवळपास ४० टक्के जास्त घट्ट. आधी पावडर टाकून मग रेघेपर्यंत पाणी, ही एकच चूक दहा-बारा टक्क्यांची आहे, बाकीची डोंगराची.

मी डॉक्टर नाही, पण आकडा पाहून मीच दचकलो.

रात्रपाळी (दुपारी ३:३०)

चष्मेबहाद्दर, तुमच्या काट्याला सलाम. मला वॉर्डात हे समजवायला पंधरा मिनिटं लागतात.

जागरण, नवऱ्याला दोष देऊ नका, ही चूक इतकी सर्रास आहे की मी विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, कारण चूक आहे हेच माहीत नसतं. घट्ट दुधाने होतं असं, की बाळाच्या शरीराला पाणी कमी पडतं. मग मोठं आतडं मळातलं पाणी शोषून ते भरून काढतं. मळ कोरडा होतो. पाच डायपर आणि गडद शू हीच गोष्ट सांगतायत. कोरडा मळ बाहेर येताना चीर पडते, चिरेमुळे दुखतं, दुखतं म्हणून बाळ पुढच्या वेळी रोखून धरतं, आणि जितकं रोखेल तितका आतला मळ आणखी वाळतो. बद्धकोष्ठ आठवडाभर लांबतं ते या चक्रामुळे, आणि त्यात पेज-केळ्याची भर पडली. तांदूळ आणि केळं दोन्ही एकदम, त्यात पाणी नाही, म्हणजे मळाला ओलावा आणायला काहीच नाही.

फार घट्ट दुधाचा याहून मोठा धोका आहे, रक्तातलं मीठ वाढून बाळ सुस्त किंवा चिडचिडं होतं. तुमच्या मुलीत तसं दिसत नाही, पण डॉक्टरांना चष्मेबहाद्दरांचे आकडे जसेच्या तसे सांगा.

आणि आता उलट चूक नको. 'घट्ट होतं ना, मग पातळ करू' म्हणून चार स्कूप १५० ला घातले तर बाळ उपाशी राहील आणि मघाशी सांगितलं ते मीठ पातळ होण्याचं प्रकरण. आधी पाणी मोजून, मग त्याच डब्यातला स्कूप, सपाट, डब्यावर लिहिलंय तितकाच. दुसऱ्या कंपनीच्या डब्याचा स्कूप उचलू नका, काहींचा एक स्कूप ६० मिलीला असतो.

खटपट्या (दुपारी ४:०५)

आमच्याकडे मीच बनवायचो आणि पावडरच आधी टाकायचो. बोलायचं कारण नाही, फक्त नोंद.

पण मग दूध बदलायचं की नाही? दूध बदललं की फरक पडतो हे मी स्वतः बघितलंय.

रात्रपाळी (दुपारी ४:२५)

यात तुमचं अर्धं बरोबर आहे. काही फॉर्म्युलांत पामतेलाची चरबी असते. तिच्यातला एक भाग आतड्यात कॅल्शियमला चिकटतो आणि साबणासारखा गोळा होतो, शी कडक होते. त्यामुळे डबा बदलून शी मऊ झाल्याचं खरंच दिसतं. पण आधी माप दुरुस्त झालं नसेल तर कळणार कसं, डब्याने झालं की मापाने? मी तरी दहा दिवस एकच डबा ठेवून माप बरोबर करा म्हणेन. दर चार दिवसांनी नवा डबा आणणारी माणसं शेवटी कशानेच काही कळेनासं करून ठेवतात.

उंबरठा (संध्याकाळी ६:५०)

हा धागा सकाळपासून वाचतेय, लिहू की नको असं चाललं होतं. जागरणच्या बाळाचं मापच असेल, तसंच असो. पण हे शोधत दुसरं कुणी आलं तर आमचं वाचावं.

माझ्या मुलालाही पाच महिन्यांनंतर वरचं दूध आणि भरडी सुरू केल्यावरच 'बद्धकोष्ठ' झालं, असं सगळे म्हणायचे. दोन ठिकाणी दाखवलं. दोन्हीकडे 'दूध बदला, पाणी द्या' सांगून पाठवलं. मी तीन डबे बदलले. पण आधीपासूनच काही खटकत होतं, फक्त तेव्हा मला ते जोडता आलं नाही. त्याची पहिली काळी शी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी झाली होती. पोट कायम फुगलेलं, शिरा दिसायच्या. शी झाली तर खडा नाहीच, बारीक फितीसारखी. वजनाचा काटा हलायचा नाही. आणि निशिगंधसारखं थर्मामीटर लावलं की सुटायची ती अक्षरशः फवाऱ्यासारखी, घाण वासाची, वारा सुटून.

तिसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, पहिली शी कधी झाली होती? मी तिसरा दिवस म्हटलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. नंतर आतड्यात औषध भरून एक्स-रे आणि तिथला छोटा तुकडा काढून तपासणी. हिर्शस्प्रुंग. आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूंच्या पेशीच तयार झालेल्या नव्हत्या, तो भाग सैल सुटतच नव्हता. ऑपरेशन झालं, आता तो सात वर्षांचा आहे, सायकल चालवतो.

ज्यांना पोट फुगून, ताप येऊन, अचानक घाण वासाचे जुलाब सुरू झालेत, आणि बाळाचा कोठा आधीपासूनच असा धरलेला आहे, त्यांनी 'आता मोकळं झालं' म्हणून खूश होऊ नका. आम्ही तसं झालो होतो एका रात्रीपुरते. सकाळी आयसीयू.

रात्रपाळी (संध्याकाळी ७:३५)

उंबरठा, लिहिलंत ते फार बरं केलंत.

पहिली काळी शी ४८ तासांत झाली नव्हती, ही गोष्ट आई-बापांनी न विचारताही डॉक्टरांना सांगावी. बहुतेक बाळांची ती पहिल्याच दिवसात होते. आणि पहिल्याच महिन्यात सुरू झालेलं बद्धकोष्ठ कधीच 'दुधामुळे असेल' म्हणून सोडून देऊ नये.

अजून काही जे मी हात लावून बघते: कमरेच्या खाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा झुपका आहे का, बाळ दोन्ही पाय सारख्या जोराने मारतं का, शीची जागा नेहमीच्या जागेपेक्षा पुढे सरकलेली दिसते का. त्वचा कोरडी, आवाज घोगरा, सदा झोपाळू, अशा बाळाची थायरॉइडची तपासणी झालीय का. यातलं एकही दिसलं तर वेळ घालवायचा नाही. आणि हिरवी उलटी कधीही, किंवा थांबून थांबून जोरात रडून पाय पोटाशी घेणं आणि लालसर जेलीसारखी शी, हे दिसलं तर रात्र असो की पहाट, दवाखाना.

जागरण_चालू (शुक्रवार, रात्री १०:०५)

काल दाखवून आले. सविस्तर लिहिते.

डॉक्टरांनी आधी वजन घेतलं आणि जन्मापासूनच्या तक्त्यावर ठिपका टाकला, रेघ सरळ वर चाललीय म्हणाले. पहिली शी? पहिल्याच दिवशी, हे मला पाठ होतं, उंबरठामुळे. मग पोट दाबून पाहिलं, डावीकडे खाली गोळे लागतायत म्हणाले, म्हणजे तो मळच. कंबर पाहिली. मग पाय वर धरून शीची जागा पाहिली, मागच्या बाजूला मधोमध बारीक चीर होती, आम्हालाही दाखवली. कागदाच्या धारेने बोटाला पडते ना, तेवढीच. आत बोट घालून तपासायची गरज नाही म्हणाले.

नवऱ्याने स्वतःच बाटली बनवून दाखवली. डॉक्टरांनी अर्ध्यावर थांबवलं आणि म्हणाले, 'हेच.' तो दिवसभर गप्प होता.

औषध लॅक्टुलोज दिलंय, डोस वजनावर मोजून. शी मऊ झाली की लगेच थांबवायचं नाही, निदान दोन आठवडे द्यायचं, कारण चीर भरेपर्यंत तिला दुखण्याची भीती राहणार. चिरेवर दर डायपरला पेट्रोलियम जेली. मी विचारलं, सुकवलेल्या आलुबुखाराचा रस देऊ का? देता येतो म्हणाले, औषध म्हणून थोडासा, नंतर सवय लावायची नाही. पण आधी नासपती आणि आलुबुखार कुस्करून द्या, म्हणजे सालाचा चोथाही जातो. तांदळाऐवजी ओट्स आणि मसूर. केळं सध्या बंद. पाणी जेवणासोबत दोन-तीन घोट.

लोहाचे थेंब मी देत होते, चौथ्या महिन्यापासून. ते चालू ठेवायचे की नाही यावर त्यांनी रक्त तपासूया म्हटलं. रिपोर्ट यायचाय.

आजच सकाळी झाली. पेस्टसारखी, थोडे खडे मध्ये. रडली, पण किंकाळी नाही.

आजीचा_बटवा (रात्री १०:३०)

नासपती! सांगत होते ना.

चष्मेबहाद्दर (रात्री १०:४२)

भावाला आकडे दाखवले. वहिनीनेही आता स्कूपवर सुरी ठेवली आहे, रबरबँडने बांधून.

निशिगंध (रात्री ११:१५)

थर्मामीटर बंद करून तीन दिवस झाले. आज तो स्वतःच बारा मिनिटं कुंथला आणि झाली. मी बाजूला उभी राहून पाय धरले फक्त, हात शिवशिवत होते.

एक विचारू? डॉक्टरांनी माझ्या मोठ्याच्या वेळी सांगितलेलं, काही बाळांना गायीच्या दुधाच्या प्रथिनाचीच ॲलर्जी असते आणि तीही खड्याच्या रूपात येते. फॉर्म्युला तर त्याचाच असतो. जागरण, अंगावर पुरळ वगैरे आहे का?

जागरण_चालू (रात्री ११:३५)

गालावर थोडं खरखरीत आहे, कोपराच्या घडीतही. मी थंडीचं समजत होते. डॉक्टरांना दाखवलं नाही.

रात्रपाळी (शनिवार, पहाटे ५:५०)

दाखवा. असं असू शकतं, पण पुरळ आणि खडा दोन्ही एकाच बाळाला स्वतंत्रपणेही होतात, त्यामुळे मी इथून हो किंवा नाही म्हणणार नाही. शीच्या जागेभोवती सतत लाली असेल तर तेही सांगा. खात्री करायची पद्धत म्हणजे ते प्रथिन काही आठवडे पूर्ण बंद करून बघायचं आणि मग परत देऊन बघायचं. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. तेव्हा दूध कोणतं द्यायचं हेही तेच ठरवतील. सोयाचा डबा आणून घरच्या घरी प्रयोग नको. आणि आत्ता माप नुकतंच दुरुस्त झालंय, औषध सुरू आहे, अशात तिसरी गोष्ट बदलली तर मग मीसुद्धा सांगू शकणार नाही कशाने काय झालं.

पुढच्या भेटीला जाताना चार दिवसांची शीची वही करा. वेळ, कशी होती, रडली का, आदल्या दिवशी काय खाल्लं. फोटोही चालतील, आम्हाला रोजच दिसतात.

जागरण_चालू (सोमवार, रात्री ९:२०)

वही सुरू केली. रविवारी नाही, आज दोनदा, दोन्ही मऊ. दुसऱ्यांदा कधी झाली ते कळलंच नाही, झोपेतून उठली आणि डायपर भरलेला.

रिपोर्ट उद्या. पुरळाचं बुधवारी विचारते. नवऱ्याने रात्रीच्या बाटलीसाठी दिवसाच सपाट स्कूप मोजून छोट्या डब्या भरून ठेवल्यात, प्रत्येकीवर '१५० पाणी आधी' असं पेनने लिहिलंय. सासूबाई म्हणाल्या, माझ्याही डब्यांवर लिही रे, मला दिसत नाही रात्री.